केटररला लेखी काय द्यायचं: शेवटच्या पंगतीत जेवण कमी पडणं, बिलात ताटं वाढणं, उरलेलं आंबणं (समस्या निवारण)

मी सोलापुरात एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघतो, म्हणजे हॉल आमचा आणि केटरर यजमान आणतात. त्यामुळे लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, बारसं सगळ्यात दोन्ही बाजूंचं भांडण माझ्याच टेबलावर येऊन पडतं, आणि इतकी वर्षं बघून सांगतो की भांडण दर वेळी तेच असतं, फक्त माणसं बदलतात. बहुतेक वेळा केटरर चोर नसतो आणि यजमान पण कंजूष नसतात, फोनवर बोलणं झालेलं असतं एक आणि दोघांच्या डोक्यात बसलेलं असतं दुसरं. "होऊन जाईल की ओ, टेन्शन नका घेऊ" एवढ्यावर पाचशे माणसांचं जेवण ठरतं.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे

- पहिल्या दोन पंगती झकास, तिसरीला बासुंदी पातळ, चौथीला भाजीच नाही, आणि यजमान स्वतः वरण-भातावर.
- जेवण भरपूर उरलं तरी शेवटी लोक उपाशी गेले. विचित्र वाटतं पण हे नेहमी होतं, कारण वेळ चुकलेली असते, माप नाही.
- तुम्ही म्हणता ४५० आले, केटरर म्हणतो ५६० ताटं गेली.
- जैन पाहुणे किंवा उपासवाले ताट हातात घेऊन उभे, आणि वाढपी म्हणतो "कांदा नाहीये ओ यात, थोडाच आहे".
- दुपारचं उरलेलं संध्याकाळी वाटायला काढलं तर वास येतोय, नाहीतर पातेलं आधीच टेम्पोत चढलेलं.

यातलं एक जरी झालं असेल तर खालचे चेक वरून खाली करा. वरचे फुकट आहेत, खाली जाल तसा वेळ आणि माणूस लागतो.

चेक १: तुमचा मेसेज उघडा, त्यात आकडा एक आहे की तीन

हा दोन मिनिटाचा चेक. केटररला तुम्ही जो व्हॉट्सॲप केलाय तो उघडा. "५०० माणसं" एवढंच लिहिलं असेल तर निम्मं दुखणं सापडलं. यजमानाच्या दृष्टीने ५०० म्हणजे जास्तीत जास्त, केटररच्या दृष्टीने ५०० म्हणजे कमीत कमी पैसे, आणि आचाऱ्याच्या दृष्टीने ५०० म्हणजे चारशे-साडेचारशेचा शिधा, कारण त्याला अनुभवाने माहिती असतं की लोक फुगवून सांगतात. एकाच आकड्याचे तिघांनी तीन अर्थ काढले.

म्हणून आकडे तीन लिहायचे. पहिला हमीचा, म्हणजे माणसं कमी आली तरी एवढ्या ताटांचे पैसे नक्की. दुसरा अंदाजाचा. तिसरा तयारीचा, म्हणजे शिधा एवढ्यांचा आला पाहिजे. हमी अंदाजाच्या साधारण ९० टक्के ठेवा, तयारी अंदाजापेक्षा चार-पाच टक्के जास्त. केटरर हमी वाढवायला बघणार, तुम्ही कमी करायला, ती घासाघीस आधीच होऊन जाऊ दे, लग्नाच्या दिवशी सासऱ्यांसमोर नको.

अंदाज कसा काढायचा ते एका लग्नावरून सांगतो. मे महिना, मुहूर्त दुपारी १२:४१, मुलगा सोलापूरचा, मुलगी विजयपूरची. यजमानांनी सुरुवातीला सरळ "सहाशे" सांगितलं होतं. मी म्हणलं पत्रिकेची यादी आणा आणि घरातल्या एका जाणत्या बाईला शेजारी बसवा, कोण सहकुटुंब येणार आणि कोणाचा फक्त एक माणूस आहेराचं पाकीट देऊन जाणार हे पुरुषांना कधीच माहिती नसतं. यादी वाचून निघालं ते असं: दोन्हीकडचे घरचे आणि मुक्कामी १५०, गावातले २७०, विजयपूरहून बसने ९०. झाले ५१०, त्यात दहा वर्षांखालची मुलं ६०. मग कामाची माणसं, बँडवाले, फोटोग्राफर, ड्रायव्हर, डेकोरेशनवाले, भटजी आणि त्यांचे सोबती, हे ३०. ही ३० माणसं कुठल्याच यादीत नसतात आणि बिलावरचं भांडण बऱ्याचदा इथूनच सुरू होतं, कारण ती जेवतात तर सगळ्यांच्या डोळ्यासमोर.

आता मुलांचं अर्धं ताट धरलं तर मोठी ४५०, मुलं ६० म्हणजे ३० ताटं, कामाची ३०. अंदाज ५१० ताटं. हमी लिहिली ४६०, तयारी ५३०. सहाशेवरून इथे आलो, ते पण केटररला न दुखवता, कारण त्याला हमी लेखी मिळाली.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. आपल्याकडे दोन पद्धती आहेत, एक ताटाच्या रेटने, आणि दुसरी मजुरीवर, म्हणजे शिधा यजमान भरणार आणि आचारी फक्त मजुरी घेणार. मजुरीवर असाल तर हमीचा आकडा नकोच, तिथे तयारीचा आकडाच सगळं. कुठल्या पद्धतीने ठरलंय ते मेसेजच्या पहिल्या ओळीत लिहा, कारण खाली उरलेल्याचा मालक कोण हे त्यावरच ठरतं.

चेक २: आकडा बदलायची शेवटची वेळ लिहिलीय का

हा पण फुकट चेक आहे. "फायनल नंतर सांगतो" असं लिहिलं असेल तर नंतर म्हणजे कधी? केटररची खरेदी टप्प्याटप्प्याने होते. किराणा आठवडाभर आधी येतो, दुधाची ऑर्डर दोन-तीन दिवस आधी जाते, भाजी आदल्या दिवशी पहाटे मार्केट यार्डातून उचलतात. दूध सांगून झाल्यावर तुम्ही ५० माणसं कमी केली तर त्याचं नुकसान होतं, आणि ते तो कुठूनतरी काढणार, बहुतेक बासुंदीतूनच. म्हणून लिहा: पंधरा दिवस आधी अंदाज, तीन दिवस आधी फायनल, त्यानंतर कमी होणार नाही, वाढलं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत २५ ताटं चालतील.

आणि त्याहून जास्त वाढलं तर? त्याला एक साधी ओळ आहे जी मी प्रत्येक मेसेजमध्ये घालायला लावतो: "१० किलो तांदूळ आणि ३ किलो तूरडाळ कोरडी राखीव, यजमानांच्या सांगण्याशिवाय भिजवायची नाही." दहा किलो तांदळात साधारण शंभर माणसांचा भात निघतो, वरण-भात पाऊण तासात तयार होतो, आणि नाही लागला तर तांदूळ कोरडाच परत जातो. गोड वाढवून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

चेक ३: तो मेसेज आचाऱ्यापर्यंत गेलाय का

मेसेज वाचतो केटररचा मालक. स्वयंपाक करतो आचारी. वाढतात वाढपी, आणि ते तर त्या दिवशी सकाळी दुसऱ्या कुठल्या तरी कार्यालयातून येतात. दोन निळ्या टिका आल्या म्हणजे फक्त मालकाने फोन उघडला. मी कितीदा बघितलंय, मेसेजमध्ये सगळं व्यवस्थित असतं आणि आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो "मला पाचशे सांगितलंय बघा, बाकी काय माहिती नाही".

उपाय दहा-वीस रुपयाचा. मेसेजची मोठ्या अक्षरात प्रिंट काढायची, एक कोठीच्या दारावर, एक चुलीजवळच्या भिंतीवर आणि एक वाढप्यांच्या मुकादमाच्या हातात. आणि मालकाकडून "ओके" घ्यायचं नाही, आकडे त्याच्याकडून परत लिहून घ्यायचे: "हमी ४६०, तयारी ५३०, जैन २२, पहिली पंगत १:१०". उलट लिहिताना माणूस खरंच वाचतो. सोलापुरात आचारी कन्नड नाहीतर तेलुगू बोलणारा असणं काही नवीन नाही, त्याला मराठी वाचायला जड जात असेल तर मुकादमाकडून समोर वाचून घ्या, पाच मिनिटं जातात.

चेक ४: वेळेचं गणित

इथे थोडं बसून कागदावर काढावं लागतं, आणि माझ्या मते बहुतेक गोंधळाचं मूळ हेच आहे. लोक लिहितात "जेवण १२:३० पासून". पण लोक १२:३० ला जेवतात का? मुहूर्त १२:४१ चा, अक्षता पडायला पाऊण वाजतो, आणि अक्षता पडल्या रे पडल्या की गावातला प्रत्येक माणूस एकदमच जेवणाकडे वळतो, कारण त्याला त्या दिवशी अजून दोन लग्नं करायची असतात. म्हणजे जेवण दोन-अडीच तास चालणार असं तुम्ही धरता आणि खरी गर्दी पहिल्या पाऊण तासात येते.

आमच्या हॉलमध्ये एका पंगतीला १५० बसतात. वाढणं, जेवणं, उठणं, पत्रावळी काढणं, पुसणं, परत मांडणं मिळून एका पंगतीला ४०-४५ मिनिटं जातात. वरच्या लग्नात सगळ्यांना पंगतीत बसवायचं म्हणलं तर ५४० माणसांच्या चार पंगती होतात, १:१० ला सुरू केली तर संपायला चार वाजत आले असते. तिसऱ्या पंगतीची वाट बघणारे गावातले लोक तोपर्यंत निघून जाणार, जेवण उरणार, आणि तरीही "उपाशी पाठवलं" हे ऐकायला मिळणारच. लक्षणांमधलं दुसरं लक्षण हेच.

त्यावर केलं असं. गावातल्या २७० जणांना बुफे, तो अक्षता संपायच्या आधीच पूर्ण मांडून तयार, दोन काउंटर दोन्ही बाजूंनी उघडे म्हणजे चार लाइनी. आमचा अनुभव असा की एका लाइनीतून शंभर माणसं जायला अर्धा तास लागतो, पोळी गरम देत असतील तर जास्तच, कारण सगळे तव्यासमोर थांबतात. म्हणून पोळीचं टेबल लाइनीतून बाहेर काढून वेगळं ठेवलं. घरचे आणि बसचे मिळून २४० जणांच्या दोन पंगती, १:१० आणि १:५५. पहिल्या पंगतीत बसचे सगळे, कारण ते पहाटेचे निघालेले आणि त्यांना परत जायचंय. व्याह्यांची पंगत दुसरी. कामाची माणसं २:४० ला, पण बँडवाले नाहीत, त्यांना वरातीनंतर लगेच, नाहीतर वाजवणारे पोटाने कुरकुरतात आणि यजमानाला वाटतं पैशासाठी कुरकुरतायत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोड पंगतीप्रमाणे वाटून ठेवायचं. कोठीतच बासुंदीची पातेली वेगळी करून त्यावर खडूने लिहायचं, बुफे, पंगत १, पंगत २. वाढप्याचा हात पहिल्या पंगतीत नेहमी सैल असतो, त्याला समोर भरलेलं पातेलं दिसतं, मागची पंगत दिसत नाही. हे मेसेजमध्ये लिहिलं नाही तर कोणी स्वतःहून करत नाही.

वेळ लिहिताना "जेवण किती वाजता" एवढं पुरत नाही. भट्टी किती वाजता पेटणार, चव कोण आणि किती वाजता बघणार, बुफे मांडून कधी तयार, बस उशिरा आली तर किती थांबायचं, हे चार पण लिहा. आम्ही लिहिलं होतं "बस १२ पर्यंत आली नाही तर पोळ्या लाटायला घेऊ नयेत, बाकी चालू". बस आली साडेबाराला. पोळ्या गरम मिळाल्या.

चेक ५: "जैन २२" लिहून भागत नाही

खाण्याच्या गरजा लिहिताना लोक नाव लिहितात, त्यापेक्षा काय घालायचं नाही ते लिहा. जैन म्हणजे एका आचाऱ्याच्या मते कांदा-लसूण नाही, दुसऱ्याच्या मते बटाटा पण नाही. लिहा: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, ओलं आलं यातलं काही नाही. आणि खात्री त्या पाहुण्यांनाच विचारून करा, काहीजण यातलं काही खातात, काहीजण याहून कडक पाळतात. संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर सूर्यास्ताआधी जेवणारे असतात, सोलापुरात मे मध्ये सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या आसपास, तर हिवाळ्यातल्या साडेसातच्या रिसेप्शनला त्यांचं जेवण साडेपाचला तयार पाहिजे. ही वेळ तारखेप्रमाणे पंचांगात बघून लिहा.

जैन भाजी शेवटी "बाजूला काढू" असं आचारी म्हणतो. ते होत नाही, कारण वाटण एकच मोठं केलेलं असतं आणि त्यात कांदा-लसूण आधीच गेलेला असतो. म्हणून लिहा: जैन स्वयंपाक सगळ्यात आधी, वेगळी कढई, वेगळा झारा, वेगळा डाव, आणि वाढणारा माणूस वेगळा. डाव एक असला की सगळी मेहनत पाण्यात.

उपासाचं सोपं आहे, कॅलेंडर उघडा. त्या दिवशी एकादशी आहे, संकष्टी आहे, की गुरुवार-शनिवार आहे ते बघा, आपल्याकडे पंढरपूर शेजारी असल्यामुळे एकादशी धरणारे घराघरात निघतात. भगर असेल तर सुटी आणू नका, बंद पाकिटातली आणि तारीख बघून आणा, आणि भगरीचं तयार पीठ तर नकोच. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या श्रावणात आणि नवरात्रात नेहमी येतात.

आता शेंगा. बाहेरच्या माणसाला कळत नाही पण आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट कशात नसतो? भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, आमटीत, उपासाच्या खिचडीत, आणि ताटात डावीकडे शेंगाचटणी तर असतेच. कुणाला शेंगांची खरी ॲलर्जी असेल, म्हणजे ओठ सुजणं, अंगावर गांधी, श्वास लागणं, तर "त्यांना चटणी वाढू नका" हे अजिबात पुरेसं नाही. तेल पण विचारा, भाजी शेंगतेलात केलीय का. अशा माणसासाठी माझा सल्ला, मोठ्या भट्टीवरचं काही देऊच नका, घरून डबा आणा आणि केटररला फक्त एवढं लिहा की या पाहुण्यांच्या ताटात कोणी काही वाढायचं नाही. केटररच्या स्वयंपाकघरात कूट उडतच असतो, तिथे कोणी छातीठोक हमी देऊ शकत नाही आणि देत असेल तर विश्वास ठेवू नका.

शुगरवाल्यांसाठी वेगळं ताट करायची गरज नसते, ज्वारीची भाकरी ठेवा आणि गोड आधीच ताटात ओतू नका, विचारून वाढा. झालं.

चेक ६: उरलेल्याचा मालक आणि उरलेल्याची घड्याळं

ताटाच्या रेटवर ठरलं असेल तर उरलेलं तयार अन्न कोणाचं हे लिहिलेलं नसतं आणि दोघंही आपलंच धरतात. कोरडा शिधा मात्र तिथे केटररचा, मजुरीवर असेल तर सगळंच यजमानाचं, तेलाच्या डब्यापासून हळदीपर्यंत. लिहून टाका. आणि भांडी कोण देणार ते पण, केटरर स्वतःची पातेली घेऊन निघून जातो आणि तुमच्याकडे चाळीस लिटर आमटी ओतायला बादली नसते.

पण खरी अडचण वेळेची आहे. मे महिन्यात इथे पारा चाळीसच्या वर असतो, हॉलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारू नका. नियम साधा आहे, गरम पदार्थ ६० अंशाच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशाच्या खाली, मधल्या तापमानात जंतू वाढतात. पातेल्यातून वाफ येत नसेल, आत डाव फिरवल्यावर हाताला फक्त कोमट लागत असेल, तर त्याची घड्याळं सुरू झाली समजा. मी दोन तासाच्या पुढे कोणाला वाटू देत नाही, उन्हाळ्यात तर तासाभरातच निर्णय घ्या.

सगळ्यात फसवा पदार्थ भात. शिजलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की मधला गोळा तासन्‌तास कोमट राहतो, त्यात वाढणारा एक जंतू असं विष तयार करतो जे परत गरम करून जात नाही. म्हणजे "फोडणी देऊन टाकू" हा उपाय तिथे चालत नाही. त्यानंतर बासुंदी, मठ्ठा, कोशिंबीर. कडक भाकरी, चटणी, लाडू यांना काही होत नाही, ते वाटा खुशाल.

बुफेच्या टेबलावर उघडं ठेवलेलं अन्न कोणाला द्यायचं नाही, ते ताटात गेलेलंच धरा. द्यायचं ते कोठीतलं, झाकलेलं, हात न लागलेलं. आणि कोणाला द्यायचं ते आधी ठरवा, दोन दिवस आधी फोन करून ठेवा, ते किती वाजता येणार आणि कमीत कमी किती माणसांचं असेल तर येणार हे विचारा. उरलेलं अन्न वाटण्यासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे, २०१९ चे नियम आहेत, त्यातली व्यवहारातली गोष्ट एवढीच लक्षात ठेवा की पातेल्यावर कागद चिकटवा: पदार्थ काय, शाकाहारी की मांसाहारी, कधी शिजवला, कधीपर्यंत खायचा. मेसेजमध्ये एक माणूस आणि एक वेळ नेमा, जसं "२:४५ ला मामा आणि आचारी मिळून ठरवणार, ३:१५ ला गाडी". नेमलेला माणूस नवरदेवाचा बाप नको, त्याला त्या वेळी स्वतःचं नाव आठवत नसतं.

चेक ७: ताटांची मोजणी (सगळ्यात त्रासाचा)

हा शेवटी ठेवला कारण यात एक माणूस दिवसभर अडकतो. बिलातली ताटं वाढतात त्याचं मुख्य कारण धुतलेली ताटं. बुफेला स्टीलची ताटं कमी पडली की मागे धुऊन परत थप्पीला लागतात, आणि शेवटी कोणी खरकटी मोजतो, कोणी थप्पी मोजतो, आकडा जुळणार कसा? शिवाय काही लोक दुसऱ्यांदा वाढून घेताना नवीन ताट उचलतात.

लिहून द्यायची पद्धत: सुरुवातीला दोघांनी मिळून स्वच्छ ताटं मोजायची, धुतलेली परत लावायची नाहीत, शेवटी उरलेली स्वच्छ मोजायची. लहान मुलांना छोटी प्लेट, म्हणजे अर्धं ताट आपोआप वेगळं मोजलं जातं. पंगतीत बसलेली माणसं प्रत्येक पंगतीला मोजून दोघांनी एकाच कागदावर सही करायची.

त्या विजयपूरच्या लग्नात बुफेला ३५० ताटं-प्लेटा लावल्या, उरल्या ९८, म्हणजे गेल्या २५२. पंगत एकला १४१, दोनला ९६, कामाची माणसं २८. एकूण ५१७. त्यात मुलं ५४, त्यांचं अर्धं म्हणजे २७ वजा. बिल ४९० ताटांचं. हमी ४६० च्या वर असल्यामुळे खऱ्या आकड्याने बिल झालं. केटररने आधी ५६० म्हणलं होतं, कागद दाखवल्यावर पाच मिनिटात विषय संपला, आणि आवाज कोणाचाच चढला नाही.

नमुना, असाच पाठवा, आकडे आपले घाला

ताटाच्या रेटने, कामाची माणसं धरून, जीएसटी रेटमध्ये आहे की वेगळा ते लिहून कळवणे.
हमी ४६०, अंदाज ५१०, तयारी ५३०. दहा वर्षांखाली अर्धं ताट. फायनल तीन दिवस आधी.
राखीव कोरडे: तांदूळ १० किलो, तूरडाळ ३ किलो.
नाश्ता ८:०० ला १५० जणांना. चव ११:४५ ला मावशी बघतील. बुफे १२:४० ला मांडून तयार, ४ लाइनी, पोळी वेगळ्या टेबलावर. पंगत १:१० आणि १:५५. कामाची माणसं २:४०, बँडवाले वरातीनंतर लगेच.
बासुंदी तीन पातेल्यांत वेगळी: बुफे, पंगत १, पंगत २.
जैन २२: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, ओलं आलं नाही. आधी शिजवणे, कढई-डाव-वाढपी वेगळा.
शेंगा ॲलर्जी १: घरचा डबा आहे, त्यांच्या ताटात काही वाढू नये.
उरलेलं तयार अन्न यजमानांचं, शिधा केटररचा. झाकणाची ५ पातेली केटरर देणार, दुसऱ्या दिवशी परत. निर्णय २:४५, गाडी ३:१५.
मोजणी दोघांनी मिळून, धुतलेलं ताट परत नाही. वरचे आकडे उलट लिहून पाठवणे.

कधी थांबायचं

केटरर लिहून द्यायला नाहीच म्हणत असेल, किंवा एफएसएसएआयच्या परवान्याचा नंबर विचारल्यावर विषय बदलत असेल, तर मेसेज सुधारत बसू नका, केटरर बदला, ॲडव्हान्स कमी गेलेला असतानाच.

हजाराच्या वर माणसं असतील, किंवा दोन दिवस तीन-तीन जेवणं आणि मुक्काम असेल, किंवा शाकाहारी आणि मांसाहारी दोन भट्ट्या असतील, तर हे घरच्या माणसाने सांभाळायचं काम नाही. केटररशी संबंध नसलेला एक सुपरवायझर पैसे देऊन लावा, तो फक्त वेळ, कोठी आणि मोजणी बघेल.

अन्नाला वास आला, फेस आला, तार सुटली, तर चाखून बघू नका, परत उकळू नका, फेकून द्या, कितीही लिटर असो. जेवल्यानंतर दोन-चार जणांना एकाच वेळी उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती काढा करत बसू नका, लगेच दवाखाना, श्वास लागत असेल किंवा माणूस गळून पडत असेल तर १०८. उरलेलं जेवण तेव्हा धुऊन टाकायचं नाही, प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग स्वच्छ डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसला कळवा, ते नमुने घेतात.

आणि बिलाचं भांडण सह्यांचा कागद दाखवूनही मिटत नसेल तर हॉलमध्ये वाद घालू नका. मान्य आहेत तेवढ्या ताटांचे पैसे ऑनलाइन द्या म्हणजे नोंद राहते, मेसेज आणि कागदाचे फोटो जपून ठेवा, आणि पुढचं एखाद्या वकिलाला विचारून ग्राहक आयोगाकडे.